दुकान बारा लाखांचे, द्यायचे आठ: मार्जिन ऑफ सेफ्टी काढायची रीत

तालुक्याच्या गावात बाजारपेठेच्या कोपऱ्यावर एक चालू किराणा दुकान विकायचे आहे. गाळा भाड्याचा आहे, म्हणजे विकला जाणार आहे तो धंदा, माल आणि फर्निचर. मालकाचे वय झाले आहे, मुलगा पुण्यात नोकरीला आहे. मालक म्हणतात, वर्षाची विक्री ६० लाख, नफा ६ लाख, आणि दुकानाचे १८ लाख द्या. तीन वर्षांत तुमचे पैसे वसूल होतील.

हे दुकान मी या लेखासाठी रचलेले आहे. मात्र त्यातले आकडे छोट्या दुकानांचे हिशेब लिहिताना जे वारंवार समोर येतात त्याच घाटाचे आहेत. हे दुकान खरोखर किती रुपयांचे आहे आणि त्यासाठी जास्तीत जास्त किती द्यावेत, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. पहिल्याचे उत्तर म्हणजे मूल्य, दुसऱ्याचे उत्तर म्हणजे किंमत, आणि या दोहोंमध्ये जाणूनबुजून ठेवलेला फरक म्हणजे मार्जिन ऑफ सेफ्टी. अमेरिकेतील गुंतवणूकदार आणि प्राध्यापक बेंजामिन ग्रॅहम यांनी शेअर्सच्या संदर्भात ही कल्पना मांडली. शेअर हा धंद्यातला हिस्सा आहे हे त्यांच्या विचाराचे मूळ असल्यामुळे ती दुकानावरून शिकणे सोपे जाते.

पहिली पायरी: विक्रीचा आकडा खरेदीवरून काढा

विकणाऱ्याने तोंडी सांगितलेली विक्री लिहून घ्यावी, पण हिशेबात धरू नये. रोज संध्याकाळी मोजलेल्या गल्ल्याची वही दाखवली जाते, तिच्यावरही विसंबू नये, कारण वही एका रात्रीतही लिहिता येते. त्याऐवजी घाऊक व्यापाऱ्यांची आणि डिस्ट्रिब्युटरांची खरेदी बिले मागावीत आणि ती जीएसटीच्या विवरणपत्रांशी व बँकेच्या उताऱ्याशी ताडून पाहावीत. विक्री फुगवून सांगायला काहीच खर्च येत नाही. खरेदी फुगवून दाखवायची तर समोरच्या व्यापाऱ्याचे बिल लागते आणि त्याच्या खात्यात पैसेही जावे लागतात.

आपल्या दुकानाची वर्षभराची खरेदी, जीएसटी वगळून, ४६ लाख ४४ हजार निघाली. वर्षाच्या सुरुवातीला आणि शेवटी शिल्लक माल साधारण तेवढाच होता, म्हणजे जेवढे आणले तेवढे विकले गेले. आता विक्रीवर किती टक्के सुटतात ते पाहायचे. त्यासाठी सर्वाधिक खपणारे तीसेक जिन्नस घेऊन प्रत्येकाचा खरेदीचा दर आणि विक्रीचा दर शेजारी शेजारी लिहावा. हे करताना खपाकडे दुर्लक्ष करू नये. सुक्या मेव्यावर चांगली सुटत असली तरी तो महिन्याला चार किलो जातो, आणि साखर-तेलावर किरकोळच सुटत असले तरी त्यांची पोती आणि डबे जातात. खपाच्या प्रमाणात सरासरी काढल्यावर या दुकानात शंभर रुपयांच्या विक्रीमागे १४ रुपये सुटतात असे दिसले. मालकांनी १५ सांगितले होते. खरेदी ४६.४४ लाख आणि ती विक्रीच्या ८६ टक्के, म्हणजे विक्री ५४ लाख.

मालक खोटे बोलत होते असे मला म्हणायचे नाही. दिवाळीच्या महिन्याचा गल्ला लक्षात राहतो आणि ज्येष्ठ-आषाढातला विसरला जातो, हा अनुभव बहुतेक दुकानदारांचा आहे.

दुसरी पायरी: मालकाची मजुरी नफ्यातून वजा करा

मालकांचा हिशेब असा होता: ६० लाखांवर १५ टक्के म्हणजे ९ लाख; त्यातून भाडे १ लाख ४४ हजार, वीज ३६ हजार आणि एका कामगाराचा पगार १ लाख २० हजार, असे एकूण ३ लाख वजा; राहिले ६ लाख.

आपला हिशेब ५४ लाखांवर १४ टक्क्यांनी, म्हणजे ७ लाख ५६ हजारांपासून सुरू होतो. त्यातून तेच ३ लाख जातात. शिवाय पिशव्या, हमाली, उंदरांनी फोडलेली पाकिटे, मुदत संपून फेकलेला माल आणि हिशेबनिसाची फी यांचे वर्षाला ३६ हजार धरावे लागतात, कारण हे खर्च थोडे थोडे होतात म्हणून कोणी सांगत नाही. उरले ४ लाख २० हजार.

इथे बहुतेक नवखे खरेदीदार थांबतात, आणि सर्वांत मोठी चूक इथेच होते. मालक सकाळी सातपासून रात्री साडेनऊपर्यंत गल्ल्यावर स्वतः बसतात आणि त्याचा पगार घेत नाहीत. ते काम पगारी माणसाकडून करून घ्यायचे झाले तर महिना १५ हजार, वर्षाला १ लाख ८० हजार लागतील. तुम्ही स्वतः बसलात तरी तेवढी कमाई तुमच्या श्रमाची आहे. ती तुम्हाला कोणाच्याही दुकानात बसून मिळाली असती आणि तिच्यासाठी भांडवल गुंतवावे लागले नसते. भांडवलाची कमाई उरते ती २ लाख ४० हजार.

म्हणजे तीन वर्षांत पैसे वसूल होणारे दुकान प्रत्यक्षात साडेसात वर्षे घेणारे आहे, कारण १८ लाखांना २.४० लाखांनी भागले की साडेसात येतात. मागितलेली किंमत तीच राहिली. बदलला तो फक्त भागाकारातला खालचा आकडा. शेअर बाजारात कमी पीई, म्हणजे भाव कमाईच्या थोड्याच पट असल्याचे पाहून शेअर स्वस्त समजणाऱ्यांची फसगत नेमकी याच जागी होते, पण त्याकडे नंतर येऊ.

तिसरी पायरी: माल स्वतः मोजा

दुकान उद्या बंद करावे लागले तर हातात किती येईल, हा आकडा कमाईपेक्षा वेगळा काढावा. हे काम रविवारी दुपारी दुकान बंद असताना, मालकांच्या समोर आणि हाताने करायचे असते.

फळीवरचे पुढचे पाकीट कधीही पाहू नये. हात फळीच्या मागच्या भिंतीपर्यंत घालून शेवटचे पाकीट बाहेर काढावे आणि त्यावरची तारीख वाचावी. पुढे नवा माल आणि मागे जुना, असे दिसले तर दुकानाची शिस्त बिघडलेली आहे. नीट चालणाऱ्या दुकानात नवा माल मागे जातो. माळ्यावर चढून खोकी हलवून पाहावीत. रंग उडालेल्या राख्या, आकाशकंदील, बंद पडलेल्या साबणाची पेटी, हे सगळे मालकांच्या यादीत खरेदीच्या दराने धरलेले असते. आपल्या दुकानात मालकांनी ७ लाखांचा माल सांगितला, विकण्याजोगा ६ लाखांचा निघाला, आणि घाईने एकगठ्ठा काढायचा तर त्यावर दहा टक्के तूट धरून ५ लाख ४० हजार.

उधारीच्या वहीतही असेच शेवटच्या पानापासून मागे जावे. ज्या खात्यावर गेल्या महिन्यात काही जमा आहे ते खाते जिवंत. ज्या नावापुढे शेवटची नोंद मागच्या गणपतीतल्या मोदकाच्या पिठाची आहे आणि नंतर ना माल ना पैसे, ते खाते गेलेले समजावे. १ लाख ६० हजारांच्या उधारीतून ७० हजार येण्याजोगे दिसले. फ्रिज, काटा, रॅक यांचे मालकांनी २ लाख धरले होते. जुन्या बाजारात ७० हजार. गाळामालकाकडचे डिपॉझिट ६० हजार तेवढेच. आणि ज्याचा उल्लेखच झाला नव्हता ते व्यापाऱ्यांचे देणे ९० हजार. ते कोण फेडणार हे लिहून घेतले नसेल, तर दुकान घेतल्यानंतर डिस्ट्रिब्युटरचा माणूस तुमच्याच दारात येतो आणि जुने चुकते होईपर्यंत माल उतरवत नाही. म्हणून ते वजा करावे.

बेरीज ६ लाख ५० हजार. मालकांच्या यादीप्रमाणे हीच बेरीज ११ लाख २० हजार होती.

चौथी पायरी: मूल्याचा एक आकडा नव्हे, पट्टा काढा

वर्षाला २ लाख ४० हजार देणाऱ्या धंद्याचे मूल्य किती? बँकेच्या मुदत ठेवीवर सात टक्के मिळतात असे धरले, तर तेवढ्या व्याजासाठी सुमारे ३४ लाख ठेवावे लागतील. पण ठेवीच्या शेजारी दुसरी ठेव उघडली म्हणून पहिलीचे व्याज कमी होत नाही. दुकानासमोर दुसरे दुकान उघडले की होते. म्हणून एका गावातल्या, एका गल्ल्याच्या, भाड्याच्या गाळ्यातल्या धंद्याकडून मी वर्षाला २० टक्क्यांची अपेक्षा धरतो. २० टक्के म्हणजे कमाईच्या पाच पट. २.४० गुणिले पाच, १२ लाख.

हे पाच आभाळातून पडलेले नाहीत आणि अचूकही नाहीत. जास्त सावध माणूस २५ टक्के मागेल, म्हणजे चार पट, ९ लाख ६० हजार. ज्याला गाव आणि गिऱ्हाईक चांगले ठाऊक आहे तो सहा पट देईल, १४ लाख ४० हजार. तेव्हा दुकानाचे मूल्य साधारण साडेनऊ ते साडेचौदा लाखांच्या पट्ट्यात आहे आणि मधला अंदाज १२ लाख. एवढेच प्रामाणिकपणे म्हणता येते. ११ लाख ८७ हजार ४५० असा आकडा कोणी काढून दिला, तर त्याला हिशेब कळतो, पण दुकान कळत नाही, असे मी समजतो.

मार्जिनची गरज इथून निघते. मूल्य हा अंदाज आहे, तो चुकणार आहे, आणि किती चुकेल हे आधी कळत नाही. म्हणून किंमत एवढी खाली धरायची की अंदाज बऱ्यापैकी चुकला तरी व्यवहार चुकीचा ठरू नये.

पाचवी पायरी: मार्जिन काढा आणि वाईट वर्ष घालून तपासा

सूत्र सरळ आहे. मूल्यातून किंमत वजा करायची आणि आलेल्या आकड्याला मूल्याने भागायचे. १२ लाखांचे दुकान ८ लाखांना मिळाले तर फरक ४ लाख, आणि ४ भागिले १२ म्हणजे ३३ टक्के मार्जिन. पुष्कळ जण इथे ८ ने भागून ५० टक्के म्हणतात. तो आकडाही खरा आहे, पण तो किंमत मूल्यापर्यंत चढली तर होणाऱ्या फायद्याचा आहे. माझा अंदाज किती चुकला तर चालेल, याचे उत्तर ३३ टक्क्यांत आहे: मूल्य १२ ऐवजी ८ निघाले तरी दिलेले पैसे जास्त ठरत नाहीत.

८ लाखच का, ९ किंवा १० का नाहीत? एक कारण असे की ८ हा आकडा पट्ट्याच्या खालच्या टोकाच्याही, म्हणजे ९.६० लाखांच्याही खाली आहे. सर्वांत सावध माणसाच्या हिशेबानेसुद्धा तो स्वस्त ठरतो. दुसरे कारण वाईट वर्षाचा हिशेब घातल्यावरच दिसते.

समजा, बसस्थानकाजवळ मोठे सुपरमार्केट उघडले आणि विक्री २० टक्क्यांनी घटली. ५४ लाखांची ४३ लाख २० हजार झाली. त्यावर १४ टक्क्यांनी ६ लाख ५ हजार सुटतात. पण भाडे कमी होत नाही, वीज कमी होत नाही, कामगार आणि तुम्ही स्वतः तेवढेच तास उभे असता. खर्च मिळून ५ लाख १६ हजार, तसाच. उरतात ८९ हजार. विक्री एक पंचमांशाने घटली आणि भांडवलाची कमाई २ लाख ४० हजारांवरून जवळजवळ दोन तृतीयांशाने पडली. नवख्या माणसाला हे खरे वाटत नाही. त्याने कागदावर स्वतः एकदा मांडून पाहावे. ज्या धंद्यात विक्रीवर सुटणारा पैसा थोडा आणि ठरलेला खर्च मोठा असतो, त्याच्या मूल्याचा अंदाज विक्रीतल्या छोट्या चुकीनेही कोसळतो, आणि म्हणून तिथे मार्जिन मोठे लागते.

आता किमती शेजारी मांडा. १८ लाखांना घेतलेल्या दुकानाने वाईट वर्षी ८९ हजार दिले, तर पाच टक्केही परतावा नाही. बँकेत पैसे ठेवून घरी बसला असता तर जास्त मिळाले असते. १२ लाखांवर साडेसात टक्क्यांच्या आसपास. ८ लाखांवर अकरा टक्के, म्हणजे मनासारखे नाही, पण तग धरण्यापुरते. आणि विक्री परत आलीच नाही, दुकान बंद करून माल-सामान विकले, तर ६ लाख ५० हजार हाती येतात: १८ देणाऱ्याचे साडेअकरा लाख गेले, १२ देणाऱ्याचे साडेपाच, ८ देणाऱ्याचे दीड. दुकान तिघांचे एकच, संकट एकच. फरक पडला तो घेतलेल्या दिवशीच्या किमतीने.

मार्जिन कुठे उपयोगी पडत नाही

काही दोष असे असतात की त्यांच्यापुढे कितीही सूट मिळाली तरी ती अपुरीच पडते. आपल्या दुकानाचा गाळा भाड्याचा आहे. करारात किती महिने उरले आहेत, तो तुमच्या नावे नव्याने करून देण्यास गाळामालक तयार आहे का, हे किमतीचे बोलणे सुरू होण्याआधी विचारायचे असते. महाराष्ट्रात असा करार लेखी आणि नोंदणीकृत असणे कायद्याने आवश्यक आहे. नुसते स्टँप पेपरवर नोटरी केलेले कागद दाखवले तर सावध व्हावे. गाळाच गेला, तर पाच पट, चार पट या गुणाकारांना अर्थ राहत नाही आणि उरते ते फक्त माल-सामानाचे मूल्य.

माझ्या स्वतःच्या ओळखीतून मी एकदा असेच एक झेरॉक्स-स्टेशनरीचे दुकान एका नातेवाइकाला सुचवले होते. किंमत खरोखर कमी होती, हिशेब मी चार वेळा तपासला होता, आणि गाळ्याच्या कराराचा कागद मात्र नंतर पाहू म्हणून राहिला. सातव्या महिन्यात गाळामालकाच्या पुतण्याने जागा मागितली. मला अजून त्या घरी चहा घेताना संकोच वाटतो.

दुसरा दोष कर्जाचा. ८ लाखांपैकी ६ लाख १३ टक्के व्याजाने पाच वर्षांसाठी काढले, तर महिन्याचा हप्ता सुमारे १३,६५० रुपये, वर्षाला १ लाख ६४ हजार. चांगल्या वर्षी तो २ लाख ४० हजारांतून भागतो. वाईट वर्षी ८९ हजारांतून भागत नाही, आणि उरलेले पैसे तुमच्या घरखर्चातून जातात. मार्जिनचा सगळा उपयोग थांबता येण्यात आहे. बँक थांबत नाही.

तिसरा दोष संथ असतो. बाजारपेठच हळूहळू दुसरीकडे सरकत असेल, तर दुकानाचे मूल्य दरवर्षी थोडे थोडे घटत जाते. आज १२ चे ८ ला घेतले आणि मूल्य वर्षाला लाखाने कमी होत असेल, तर चार वर्षांत मार्जिन संपते. हे ओळखण्यासाठी एका वर्षाची नव्हे, तर किमान चार-पाच वर्षांची खरेदी बिले पाहावीत. भाव दरवर्षी वाढतात, त्यामुळे खरेदीचे रुपये जागच्या जागी असतील तर माल प्रत्यक्षात कमी विकला जात आहे.

शेअर घेताना हीच वही उघडा

आता याच दुकानाच्या आकड्यांमागे लाखाऐवजी शंभर कोटी लावा, आणि ते बारा कोटी शेअर्समध्ये वाटलेले आहे असे समजा. कंपनीचे मूल्य १,२०० कोटी, शेअरमागे १०० रुपये. तुम्ही विचारायची किंमत ६६-६७ रुपये. कंपनीची एकूण बाजारकिंमत काढण्यासाठी शेअरचा भाव गुणिले एकूण शेअर्स हा गुणाकार पहिल्या दिवशीच करावा. त्यावाचून ६६ रुपये स्वस्त की महाग हे कळत नाही. दहा रुपयांचा शेअर महाग आणि दहा हजारांचा स्वस्त असू शकतो.

खरेदी बिलांची जागा इथे वार्षिक अहवालातले रोखप्रवाह पत्रक घेते. नफा कागदावर दाखवता येतो, पण धंद्यातून प्रत्यक्ष आलेली रोकड वर्षानुवर्षे फुगवणे अवघड असते. पाच वर्षांच्या नफ्याची बेरीज आणि पाच वर्षांत धंद्यातून आलेल्या रोकडीची बेरीज शेजारी लिहावी. रोकड फारच कमी असेल, तर पैसे कुठेतरी फळीच्या मागे किंवा उधारीच्या वहीत अडकले आहेत, आणि ताळेबंदात शिल्लक माल व येणी विक्रीपेक्षा वेगाने वाढलेली दिसतील. मालकाच्या न घेतलेल्या पगाराचे इथले रूप थोडे निराळे: नफ्यात जमीन विकून आलेला किंवा गुंतवणुकीवरचा पैसा मिसळलेला असतो, जो दरवर्षी येणार नाही, आणि यंत्रे नुसती चालती ठेवण्यासाठी दरवर्षी लागणारा खर्च भांडवली म्हणून बाजूला दाखवलेला असतो. हे वजा केल्यावर सहा पट दिसणारा पीई पंधरावर जातो. साठ लाखांचे चोपन्न आणि सहाचे अडीच झाले, तसेच.

५२ आठवड्यांच्या नीचांकाला मात्र मार्जिन समजू नये. शेअर १४० वरून ९० वर आला, याचा अर्थ काल कोणीतरी १४० दिले होते, एवढाच. मूल्य ६० असेल, तर ९० ला घेणाऱ्याचे मार्जिन शून्याच्याही खाली आहे. दुकानाच्या मालकांनी आधी २५ लाख मागितले आणि मग १८ वर आले, म्हणून आपण सात लाख वाचवले असे कोणी म्हणत नाही; शेअरच्या बाबतीत तीच माणसे अगदी तसेच म्हणतात.

दुकान आणि शेअर यांत एक खरा फरक आहे, आणि तो नवख्याने समजून घेतला पाहिजे. दुकानाची चावी तुमच्या हातात येते. हवे तेव्हा बंद करून ६ लाख ५० हजार काढून घेता येतात. चारशे शेअर्स असणाऱ्याला कंपनी बंद करता येत नाही. ग्रॅहम यांना याचा अनुभव नॉर्दर्न पाइपलाइन या अमेरिकन कंपनीत आला. १९२६ साली तिचा शेअर ६५ डॉलरच्या आसपास मिळत होता. पाइपलाइन कंपन्या वॉशिंग्टनमधील आंतरराज्य वाणिज्य आयोगाला जी विवरणे देत, ती ग्रॅहम यांनी स्वतः जाऊन वाचली, आणि या कंपनीकडे एका शेअरमागे सुमारे ९५ डॉलरचे रोखे व रोख मालमत्ता पडून असल्याचे त्यांना आढळले, धंदा वेगळाच. रविवारी दुपारी माळ्यावर चढून खोकी मोजण्याचाच हा प्रकार. मात्र व्यवस्थापन ते पैसे वाटायला तयार नव्हते. ग्रॅहम यांनी शेअर्स जमवले, इतर भागधारकांची मते मिळवली, संचालक मंडळात जागा मिळवली, आणि १९२८ मध्ये पैसे भागधारकांना वाटले गेले. मोजणी पहिल्या दिवशीच बरोबर होती, तरी पैसे हाती यायला दोन वर्षे आणि एक लढाई लागली. लहान गुंतवणूकदाराला ती लढाई करता येत नाही, म्हणून शेअरच्या हिशेबात पडून असलेल्या मालमत्तेला मी पूर्ण किंमत धरत नाही. ती भागधारकांपर्यंत पोहोचवण्याची व्यवस्थापनाची सवय लाभांशाच्या इतिहासात दिसली, तरच धरतो.

बोलणी करताना

जास्तीत जास्त किंमत घरून निघण्याआधी कागदावर लिहून खिशात ठेवावी: ८ लाख. समोर चहा आला, मालकांनी दुकान उघडले त्या वर्षीची गोष्ट सांगितली, शेजारच्या कापड दुकानदारानेही कालच विचारल्याचे कानावर घातले, की साडेनऊसुद्धा बरे वाटू लागतात. साडेनऊला मार्जिन २१ टक्के उरते. ते अगदी वाईट नाही, पण मग त्या बदल्यात काही दुसरे निश्चित झाले पाहिजे: गाळ्याचा पाच वर्षांचा नोंदणीकृत करार, किंवा दोन लाख एक वर्षानंतर आणि तेही विक्री टिकली तरच देण्याची अट, किंवा मालक पहिले तीन महिने गल्ल्यावर सोबत बसतील असा लेखी शब्द. यांतील प्रत्येक गोष्ट अंदाजातली एक चूक कमी करते, आणि जेवढी चूक कमी तेवढे मार्जिन कमी चालते. नुसता भाव वाढवून मागितला आणि बदल्यात काही मिळाले नाही, तर हिशेबाची वही मिटून परत यावे. मालक पंधरा दिवसांनी फोन करतात, किंवा करत नाहीत.

८ ला व्यवहार झाला, तर वही तिथेच बंद होत नाही. दरवर्षी मार्च संपला की पहिल्या चारही पायऱ्या पुन्हा करायच्या आणि नवे मूल्य लिहायचे, दिलेल्या किमतीशेजारी नव्हे तर त्या दिवशी दुकानाला येऊ शकणाऱ्या किमतीशेजारी. दुसऱ्या वर्षी कोणी येऊन १३ लाख देऊ केले आणि तुमच्या वहीत मूल्य अजून १२ च असेल, तर आता मार्जिन समोरच्या माणसाकडे नाही, आणि दुकान न विकणे म्हणजे तेच दुकान १३ ला विकत घेण्यासारखे आहे.